शब्दांच्या वहीतले कपाशीचे पान

«मॅडम, तुमच्या वहीत शब्द अ, आ, इ असे का नाहीत? आणि एका शब्दापुढे एवढं काय काय लिहून ठेवता?»

मी मूळची सातारा भागातली, आणि नोकरीनिमित्त यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी शिक्षिका म्हणून आले, तेव्हापासून इथले वऱ्हाडी शब्द विषयवार टिपण्याची ही वही चालू आहे. शाळेत नव्याने रुजू होणारे, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रातून आलेले सहकारी ती चाळतात आणि हाच प्रश्न विचारतात.

वर्णानुक्रम हा ज्याला शब्द ठाऊक आहे त्याच्या सोयीचा असतो. कोणी «डवरा» म्हणाले आणि मला अर्थ हवा असेल तर «ड»चे पान उपयोगी पडेल. पण कपाशीच्या दोन ओळींमधून बैलांकडून जे अवजार फिरवतात त्याला इथे काय म्हणतात, हे मला हवे असेल तर तेच पान मुके राहते. नव्या मुलखात आलेल्या माणसाची अडचण बहुधा या दुसऱ्या प्रकारची असते, कारण काम समोर दिसत असते आणि शब्द हाताशी नसतो. शिवकाळात तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाची रचनासुद्धा वर्णक्रमाने नसून दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा विषयवार दहा वर्गांची आहे. किल्ल्यासंबंधी लिहायला बसलेल्याला किल्ल्याचे शब्द एका जागी लागतात, हे तिथे उघड दिसते.

वऱ्हाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इथे विहिरीला «इहीर» म्हणतात, विजेला «ईज» म्हणतात. मग हे शब्द «व»खाली लिहायचे की «इ»खाली? कानावर पडले तसे लिहिले तर प्रमाण रूपाने शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत, आणि प्रमाण रूपाने लिहिले तर जे ऐकले तेच हरवते. पाण्याच्या पानावर «इहीर» कुठेही असली तरी तिला शोधावे लागत नाही.

मात्र विषयवार म्हणजे सारख्या अर्थाचे शब्द एकाखाली एक रचणे नव्हे, आणि बहुतेक वह्या बिघडतात त्या इथेच. थॉमस टिंकहॅम या अभ्यासकाने 1993 आणि 1997 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कृत्रिम शब्द शिकायला दिले होते. एकाच जातीच्या वस्तूंची नावे एकत्र शिकताना माणसे अडखळली, तर एकाच प्रसंगातले शब्द एकत्र दिल्यावर ते लवकर पाठ झाले. नांगर, वखर, तिफण, डवरा ही चार नावे मी «अवजारे» अशा मथळ्याखाली लिहिली तर ती एकमेकांत गुंततील, कारण चारही बैलांनी ओढायची आहेत. म्हणून माझ्या वहीत «अवजारे» असे पानच नाही. वखर पेरणीपूर्वीच्या मशागतीच्या पानावर आहे, तिफण पेरणीच्या पानावर, आणि डवरा उभ्या पिकाच्या पानावर निंदणाच्या शेजारी आहे. पानाचा मथळा वस्तूंच्या जातीवरून न ठरवता कामावरून ठरवावा, आणि ते काम एका माणसाने एका हंगामात करण्याएवढे असावे. «शेती» हा मथळा फार मोठा होतो. «कपाशी, सरकी टोबण्यापासून पऱ्हाटी उपटेपर्यंत» हा पुरतो.

हेच पान पूर्ण उलगडून दाखवते. डावीकडे कामाचा क्रम वरून खाली जातो: सरकी टोबतात, निंदण होते, डवरा फिरतो, मग झाडाला पाती लागते, फूल येते, बोंड धरते, बोंड फुटले की वेचणी, आणि शेवटी पऱ्हाटी. पाणी असेल तर वेचणी संपल्यावरही पीक राखून आणखी कापूस घेतात, त्याला फरदड म्हणतात. गुलाबी बोंडअळीला त्यामुळे पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो म्हणून कृषी विभाग फरदड घेऊ नका असे सांगत असतो. हा क्रम लिहून काढल्यावर कुठे शब्द नाही ते आपोआप दिसते. फूल आणि बोंड माझ्याकडे होते, पण फुलाच्या आधीच्या कळीला काय म्हणतात याची जागा रिकामी होती, आणि ती रिकामी जागा पाहूनच मी विचारायला गेले. वर्णानुक्रमाच्या वहीत नसलेला शब्द दिसण्याची सोय नसते.

ती कळी म्हणजे पाती. नोंदीत काय काय लागते ते या एका शब्दावरून चांगले कळते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते.

पहिली ओळ अर्थाची नसते; ऐकलेल्या वाक्याची असते, ते जसे उच्चारले तसे. कपाशीला पाणी जास्त झाले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, «पाण्यानं पात्या गयून राह्यल्या.» या एका वाक्यात «ळ»चा «य» झालेला आहे, चालू क्रिया सांगण्याची इथली «राहणे»ची पद्धत आहे, आणि शब्द कशामुळे बोलला गेला तेही आहे. मी ते शुद्ध करून «पाणी जास्त झाल्याने पाती गळत आहेत» असे लिहिले असते, तर काकूंकडून घेतलेले काहीच उरले नसते. वाक्याखाली कोण बोलले ते नावाशिवाय, म्हणजे «साठीच्या पुढची, शेतमजूर बाई» एवढेच लिहिते, आणि महिना टाकते. पुढे तरुण मुलाकडून दुसरे रूप ऐकू आले तर फरक वयाचा आहे की गावाचा, हे त्यावरून ताडता येते.

दुसरी ओळ लिंगाची आणि वचनाची. मराठीत ही टाळता येत नाही, कारण विशेषण आणि क्रियापद दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात. कृषी पुस्तिकांत «पाते» असे नपुंसकलिंगी रूप असते, त्याचे अनेकवचन «पाती» होते आणि ती गळण्याला «पातेगळ» म्हणतात. काकूंच्या बोलण्यात मात्र «पाती» स्त्रीलिंगी आणि तिचे अनेकवचन «पात्या». आता कोणी नुसते «पाती लागली» म्हणाले तर ते स्त्रीलिंगी एकवचन आहे की नपुंसकलिंगी अनेकवचन हे त्या वाक्यावरून कळत नाही, कारण दोन्हीकडे «लागली»च येते. अशा वेळी नोंदीत प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि संख्या किंवा विशेषण असलेले आणखी एक वाक्य मिळेपर्यंत थांबायचे. «एक पाती गळली» की «एक पाते गळले», एवढे ऐकले की प्रश्न मिटतो. मात्र ते आडून काढावे लागते, «हा शब्द कोणत्या लिंगाचा?» असे विचारले की समोरचा माणूस शाळेत असल्यासारखा सावध होऊन पुस्तकी उत्तर देतो.

तिसरी ओळ सोबतच्या क्रियापदांची, आणि माझ्या मते नोंदीतली सर्वांत मोलाची. पाती लागते आणि गळते, बोंड धरते आणि फुटते, सरकी टोबतात, कापूस वेचतात. पीक काढण्याला पिकागणिक वेगळे क्रियापद आहे: सोयाबीन सोंगतात, भुईमूग उपटतात, मिरची तोडतात. नाम बरोबर आणि क्रियापद चुकीचे असले की ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण बोलणारा बाहेरचा आहे हेही लगेच कळते. पान भरल्यावर मी एकच तपासणी करते: नामांच्या समोर क्रियापदांची जागा कितपत भरली आहे? अर्ध्याहून अधिक नामे एकटी दिसली तर ती नुसती यादी झालेली असते, आणि त्यातून एक वाक्यही धड तयार होत नाही.

चौथी ओळ शेजाऱ्यापासूनच्या फरकाची. डवऱ्यासमोर मी «माझ्या गावाकडचे कोळपे» एवढे लिहून थांबत नाही, «वखर रिकाम्या जमिनीत चालतो, डवरा उभ्या पिकाच्या दोन तासांमधून, म्हणजे ओळींमधून, दोन्हींना जमीन कापणारी लोखंडी पास असते» असे लिहिते. माहेरच्या शब्दाने ओळख पटते, पण सीमा कळते ती फरकाने. निंदण म्हणजे आमच्याकडची भांगलण, हे समीकरण मात्र मला पुरले. जिथे गोंधळ होण्यासारखा शेजारी नाही, तिथे ही ओळ मी कोरी सोडते.

अर्थ सगळ्यांत शेवटी, आणि बहुधा चारपाच शब्दांत. तोवर त्याची फारशी गरज उरलेली नसते.

विषयवार रचनेच्या अडचणी मी लपवत नाही. «तास» हा शब्द शेतात पिकाची ओळ आणि शाळेत घड्याळाचा किंवा वेळापत्रकाचा तास, त्यामुळे तो दोन पानांवर दोन स्वतंत्र नोंदी म्हणून आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ते दोन वेगळे शब्द आहेत. पण «पास» वखरालाही असते आणि डवऱ्यालाही. तिथे अर्थ एकच. अशी नोंद एकदाच, जिथे प्रथम ऐकली तिथे पूर्ण लिहावी, आणि दुसऱ्या पानावर फक्त शब्द आणि पान क्रमांक टाकावा. दोन्हीकडे पूर्ण लिहिले की एकीकडे दुरुस्ती होते आणि दुसरीकडे राहून जाते. «मंग», «बाकी» यांसारख्या, कोणत्याच कामाचे नसलेल्या शब्दांसाठी वेगळी पाने आहेत, आणि ती वस्तूंवरून नसून बोलण्यातल्या उपयोगावरून पाडली आहेत: गोष्ट पुढे नेताना, नकार देताना, आश्चर्य दाखवताना.

विषय वाढतो तेव्हा पाने पुरत नाहीत, म्हणून शिवलेल्या वहीऐवजी सुटी पाने घालता येणारी फाइल घ्यावी आणि पान क्रमांक विषयागणिक द्यावा. कपाशीची पाने क-1, क-2 अशी, म्हणजे मध्ये पान घातले तरी बाकीच्या विषयांचे क्रमांक हलत नाहीत. एखादा विषय समोरासमोरच्या दोन पानांत मावेनासा झाला की तो कामाच्या सांध्यावर तोडावा. माझ्याकडे आता वेचणीचे पान कपाशीपासून वेगळे झाले आहे, कारण मजुरी, वजन आणि गाठोडी यांचे शब्दच तिथे जास्त झाले.

आणि वर्णानुक्रम अगदी टाकून दिलेला नाही. फाइलच्या शेवटी शब्द आणि पान क्रमांक एवढीच एक सूची आहे, अर्थाशिवाय. तीत «इहीर» «इ»खालीही आहे आणि «विहीर» म्हणून «व»खालीही, आणि दोन्हींसमोर पाण्याच्या पानाचा तोच एक क्रमांक आहे.