‘ओव्हरलॅप नाही’ असे लिहिणारा रेझ्युमे

ग्राहकांचा डेटा जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत हलवण्याचे काम आमची टीम करते आणि टीममधले सगळे जण वेगवेगळ्या देशांतून, घरी बसून काम करतात. अशा एका जागेसाठी आलेले अर्ज चाळण्याची जबाबदारी त्या दिवशी माझ्याकडे होती. बहुतेक रेझ्युमेंच्या वरच्या भागात स्वयंप्रेरित वृत्ती, उत्तम लेखी संवाद, स्लॅक, जिरा, झूम अशी एक ओळ होतीच. ती वाचून उमेदवाराबद्दल काहीही कळत नाही, त्यामुळे मी ती सोडून थेट मागच्या नोकऱ्यांच्या तपशिलाकडे वळतो.

एका रेझ्युमेत लिहिले होते, ‘यूटीसी-८ मधील टीमबरोबर रोज चार तास ओव्हरलॅप’, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या आठ तास मागे असलेल्या टीमबरोबर रोज चार तास एकाच वेळी काम. त्याच पानावर उमेदवाराचा वेळपट्टा यूटीसी+५:३०, म्हणजे भारतीय वेळ, आणि कामाची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी दिली होती. या दोन पट्ट्यांत साडेतेरा तासांचा फरक आहे. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे इकडे रात्रीचे साडेदहा, आणि तिकडचे लोक सायंकाळी पाचला काम संपवतात तेव्हा इकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात. दिलेल्या वेळेत चार तास सोडाच, एक मिनिटही सामाईक निघत नाही. मी अर्ज बाजूला ठेवला.

दुसरा रेझ्युमे अगदी तशाच टीमबरोबर काम केलेल्या एका बाईंचा होता. ‘रिमोट’ हा शब्द त्यात कुठेच नसल्यामुळे माझ्या सहकाऱ्याने तो जवळजवळ बाद केला होता. मला मात्र नोकरीच्या तपशिलाखालच्या या ओळी दिसल्या: ‘कामाच्या वेळेत ओव्हरलॅप नाही. रोज काम संपवताना जिराच्या तिकिटावर हस्तांतरणाची नोंद. प्रत्येक प्रश्नासोबत पर्याय, मुदत आणि उत्तर न आल्यास काय करणार ते.’

हे वाचताच ही व्यक्ती असे काम खरोखर करत आली आहे, याची माझी खात्री पटली. ओव्हरलॅप नसेल तर सकाळी अकराला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी हाती येते, आणि प्रश्न संदिग्ध असेल तर ‘म्हणजे नक्की काय?’ एवढ्या एका उलटप्रश्नात आणखी एक दिवस जातो. उत्तराची वाट न पाहता काम पुढे कसे न्यायचे हे ज्याने ठरवून ठेवले आहे, त्याला ‘स्वयंप्रेरित’ असे वेगळे लिहावे लागत नाही.

मुलाखतीत मी त्यांना ग्राहकाची ओळख काढून टाकलेली एखादी नोंद दाखवायला सांगितली. नोंद पाच ओळींची होती. ४०० फाइल्स हलवून झाल्या होत्या आणि त्यांपैकी १२ फाइल्समध्ये जन्मतारखेचा रकाना रिकामा होता. पर्याय अ म्हणजे रकाना रिकामाच ठेवून पुढे जाणे आणि त्या १२ फाइल्सची वेगळी यादी करणे. पर्याय आ म्हणजे त्या फाइल्स थांबवणे. शेवटी लिहिले होते, ‘०१:०० यूटीसीपर्यंत उत्तर न आल्यास अ करते.’ मुदत यूटीसीमध्ये का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे जातात, आपली जात नाहीत, आणि ‘तुमचे पाच’ किंवा ‘माझे साडेसहा’ असे लिहिले की त्या आठवड्यात कोणीतरी हमखास चुकते.

मी मुद्दाम अडचणीचा प्रश्न विचारला, की समोरच्याने नोंद वाचलीच नाही तर? त्यांनी सांगितले की ही पद्धत त्या फक्त मागे घेता येण्याजोग्या निर्णयांसाठी वापरतात. डेटा पुसायचा असेल किंवा जुन्या नोंदीवर नवी लिहायची असेल, तर स्पष्ट होकार येईपर्यंत ते तिकीट अडलेल्या रकान्यात राहते आणि त्या दुसरे काम हाती घेतात. स्लॅकवर झालेला निर्णयही त्या तिकिटावर उतरवून ठेवत, कारण रात्री काम सुरू करणारा माणूस दिवसभराच्या गप्पा उपसत बसत नाही. त्यांच्या रेझ्युमेतल्या साधनांच्या नावांना या एका सवयीमुळे अर्थ आला, असे माझे मत झाले.

जागा त्यांना मिळाली. रेझ्युमेच्या डोक्यावर स्वतःचा वेळपट्टा आणि कोणत्या वेळी उपलब्ध असता हे लिहा, एवढीच सूचना मी त्यांना केली, कारण तो तपशील मला शेवटच्या पानावर शोधावा लागला होता.

बाजूला ठेवलेल्या अर्जाबद्दल मात्र मला राहवले नाही आणि मी त्या उमेदवाराला ईमेल करून हिशेब विचारला. ते जुन्या नोकरीत सायंकाळी सहा ते रात्री अडीच अशी पाळी करत होते आणि ९ ते ६ ही वेळ त्यांनी नव्या नोकरीसाठी सुचवली होती. म्हणजे चार तासांचा दावा खराच होता, फक्त पाळीची वेळ त्या नोकरीच्या ओळीत लिहायची राहून गेली होती. पुढच्या जागेच्या मुलाखतींसाठी मी त्यांचे नाव यादीत घातले.