ताई आल्यावर बघू

आमचं ऑफिस फोर्टात, आयात-निर्यातीच्या क्लिअरिंगचं. माल न्हावा-शेव्याला उतरतो, कागद आमच्याकडे फिरतात आणि सगळा व्यवहार एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतो. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या ताई वडिलांच्या ऑपरेशनसाठी १६ जूनपासून महिनाभर रजेवर होत्या. त्या १४ जुलैला, सोमवारी परत येणार होत्या. आदल्या शुक्रवारी साहेब म्हणाले, "ताईंना ग्रुपवरचं सगळं वाचत बसायला लावू नकोस. महिन्यात काय झालं ते दोन पानांत लिहून दे."

मी चॅट एक्स्पोर्ट केली, फोटो वगळून. दोन हजारांहून जास्त मेसेज होते. पहिला मसुदा तारखेप्रमाणे लिहिला आणि रात्री वाचून पाहिला तेव्हा कळलं की तो कुणाच्या उपयोगाचा नाही. एखाद्या पार्टीचा ट्रेलर १९ तारखेला ठरला, २१ ला रद्द झाला आणि २४ ला दुसराच गेला, हे तिन्ही ताईंनी वाचायचं कशासाठी? त्यांना आज काय स्थिती आहे ते हवं. म्हणून शनिवारी पुन्हा बसलो आणि पार्टीवार लिहायला घेतलं. आधी आजची स्थिती, त्याखाली एका ओळीत ती कशी आली ते, आणि पुढे मूळ मेसेजची तारीख-वेळ. ग्रुपमध्ये कॅलेंडरवरून तारीख निवडून तिथे जाता येतं, त्यामुळे शंका आली तर ताई स्वतः बघू शकल्या असत्या.

भिवंडीच्या टाइल्सवाल्या पार्टीपाशी मी लिहिलं होतं, "फ्री डेज १४. साहेबांनी १७ जूनला होकार दिला." शिपिंग लाइनचा कंटेनर ठरलेल्या दिवसांत रिकामा करून यार्डात परत दिला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचं डिटेन्शन लागतं. त्या पार्टीला ७ दिवस मिळतात की १४, यावर सगळं अवलंबून होतं. माझ्या फाइलमध्ये हे असं दिसत होतं:

```
17/06/25, 11:05 - ऑफिस: भिवंडीच्या तिन्ही कंटेनरना फ्री डेज 14 धरू ना?
17/06/25, 11:07 - डॉक: पुण्याच्या मशिनला मागचाच ट्रेलरवाला सांगू?
17/06/25, 11:26 - साहेब: हो चालेल
```

साहेबांचा होकार मी सरळ पहिल्या प्रश्नाला जोडला होता. शंका आली ती दहा दिवस पुढच्या मेसेजमुळे. २७ तारखेला `<Media omitted>` अशी एक ओळ होती आणि लगेच डॉकवरच्या मुलाचा प्रश्न, "हे कसलं आलं?" त्यावर कुणाचंच उत्तर नव्हतं. मी फोनवर ग्रुप उघडून तो फोटो पाहिला. लाइनचं डिटेन्शनचं बिल होतं. १५ जूनला उतरलेल्या तीन कंटेनरवर आठव्या दिवसापासून, म्हणजे २२ ते २६ जून, पाच-पाच दिवसांचं. लाइनने ७ दिवसच धरले होते.

मग फोनवरच १७ तारखेला गेलो. तिथे साहेबांच्या "हो चालेल"च्या वर ट्रेलरचा प्रश्न लहान चौकटीत दिसत होता. त्यांनी त्या मेसेजला रिप्लाय केला होता, फ्री डेजच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नव्हतं. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये कोणतं उत्तर कोणत्या मेसेजला आहे ते येत नाही, मेसेज फक्त वेळेप्रमाणे एकाखाली एक लागतात. अंगठ्याच्या खुणाही येत नाहीत आणि आमच्याकडे तर निम्मे होकार अंगठ्यानेच दिले जातात. म्हणजे माझ्या दोन पानांत असे आणखी किती होकार चुकीच्या जागी बसले असतील? रविवारची सकाळ त्यातच गेली. "हो", "ओके", "चालेल", "नको" अशी प्रत्येक ओळ मी फोनवर पडताळली आणि त्यातून आणखी दोन चुका निघाल्या.

भिवंडीची ओळ बदलून मी लिहिली: "फ्री डेज ७ की १४ ते ग्रुपवरून कळत नाही. १७ जूनच्या प्रश्नाला उत्तर नाही. २७ जूनला ७ धरून बिल आलं, त्यावरही कुणी बोललेलं नाही. याच पार्टीचे आणखी दोन कंटेनर ९ जुलैला उतरलेत. ७ दिवस असतील तर १५ जुलै शेवटचा." साहेबांना फोन केला तर म्हणाले, "ते ताईंनीच ठरवलेलं असणार. त्यांनाच विचार."

"कॉल करतो" म्हणून संवाद तुटलेल्या सहा जागा होत्या. तिथे फोनवर काय ठरलं ते ग्रुपला माहीत नव्हतं. ज्याने-त्याने फोन केला होता त्याला मी विचारलं, चौघांना आठवलं, दोघांना नाही. तेही तसंच लिहिलं.

ताईंसाठी काय थांबलंय ते शोधायला मी आधी त्यांचं नाव शोधलं. जेमतेम चार मेसेज मिळाले. टॅग केलेल्या ठिकाणी माझ्या फाइलमध्ये नावाऐवजी नंबर आला होता, तो शोधल्यावर आणखी सात. पण खरा साठा सापडला तो "ताई आल्यावर" हे शब्द शोधल्यावर. ताई आल्यावर बघू, ताई आल्यावर सही घेऊ, ताईंना माहीत असेल. अशी नऊ कामं होती आणि त्यातल्या एकातही त्यांना टॅग केलं नव्हतं. त्यांच्या नावावर महिनाभर साचलेलं हे काम त्यांना कधी कळलंच नसतं. ती नऊ मी पहिल्या पानावर घेतली, सगळ्यात आधी मुदत संपणारं वर.

त्याच्याही वर एक ओळ लिहिली. आमच्या गोडाऊनच्या मामांच्या पत्नी २८ जूनला गेल्या. ग्रुपवर श्रद्धांजलीचे चाळीसेक मेसेज होते आणि कामाचं नाही म्हणून मी पहिल्या मसुद्यात ते सगळेच गाळले होते. ताई सकाळी आल्या की आधी मामांनाच हाक मारतात, "काय मामा, वहिनी कशा आहेत?" हे आठवलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ती ओळ मी ठळक केली आणि रविवारी संध्याकाळी त्यांना पानं पाठवली.

सोमवारी सव्वानऊला ताईंचा फोन आला. त्या गाडीत होत्या, मागे डब्यातला गोंगाट. "मामा आलेत का रे? मी आधी त्यांच्याकडे जाते, मग वर येते."

वर आल्यावर त्यांनी बॅगही खाली ठेवली नाही. भिवंडीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे 'कळत नाही' लिहिलंस ते बरं केलंस. १४ दिवस मीच मागून घेतले होते, मेल माझ्याकडे आहे. पण फक्त ३० जूनपर्यंत उतरणाऱ्या कंटेनरना. म्हणजे जूनचं बिल लाइनचं चुकलंय, ते परत घ्यायला लावू. आणि आताचे दोन ७ मध्येच. उद्या संध्याकाळपर्यंत रिकामे यार्डात गेले पाहिजेत."

डॉकवरच्या मुलाला त्यांनी तिथूनच फोन लावला आणि दोन ट्रेलर आजच लावायला सांगितले. मग कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझ्याकडे वळल्या. "त्या बिलाचा फोटो आहे ना तुझ्याकडे? मला मेलवर टाक. आणि उतरल्याची तारीख कुठे दिसते, ते पण."