पिशव्यांच्या हिशोबात न बसलेले

रविवारी मंडळाचं रक्तदान शिबिर झालं, काल ग्रुपवर आभाराचा मेसेज आला आणि तेव्हापासून काहीतरी खटकतंय. पाण्याच्या बाटल्या देणाऱ्यांचं नाव त्यात दोनदा आहे, फोटोवाल्यांचं आहे, मांडववाल्यांचं आहे. माझं नाहीये. सकाळपासून फॉर्म भरून घेत होते, रात्री दारू घेतली होती का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, हे शेजारपाजारच्यांना विचारायचं म्हणजे... जाऊ दे, तो विषय नाही. म्हणजे थोडा आहेच.

पण तळमजल्यावरच्या काकूंचंही नाही? बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्या निळ्या पाण्यात सोडतात ना, मोरचुदाचं पाणी असतं ते, थेंब सरळ बुडाला तर पास, वरच रेंगाळला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आणि माणूस परत. परत जाणाऱ्यात बहुतेक आपल्या चाळीतल्या बायकाच होत्या, रविवारी घरचं आटपून आलेल्या, तोंडं एवढीशी झालेली. काकू एकेकीला बाजूला बसवून चहा देत होत्या आणि सांगत होत्या की बाई, यात फक्त कमी आहे एवढंच कळतं, नेमकं किती ते लॅबमध्ये कळेल, नुसतं बीट खात बसू नको, डॉक्टरला दाखव. पिशव्या मोजून आभार मानायचे तर काकूंच्या खात्यात शून्य.

आणि बिस्किटांच्या टेबलावरची ती कॉलेजची मुलगी. रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसायचं असतं, पण आपल्याकडे सगळ्यांना लोकल पकडायची असते. नाइट शिफ्ट करून थेट आलेला एक मुलगा, पोटात काही नसणार, पहिल्यांदाच देत होता, सरबत नको म्हणत उठायला लागला. हिने त्याचा ओठांवरचा घाम पाहिला, बोलता बोलता गप्प झालेला पाहिला, आणि तो पडायच्या आत त्याला सतरंजीवर आडवा करून पाय खुर्चीवर ठेवले, मग डॉक्टरांना हाक मारली. पाच मिनिटांत रंग परत आला. फोटोवाले तेव्हा स्टेजसमोर होते, त्यामुळे फोटो नाही, आणि मेसेज बहुतेक फोटो बघूनच लिहिलाय असं मला वाटतं. नाहीतर एवढी दोन माणसं सुटतील कशी?

सारखं तेच आठवतंय. रागही धड येत नाही, अध्यक्ष काकांनी परवानगीसाठी किती खेटे घातले तेही माहितीये मला.

तर काकू, थँक्यू. बिस्किटवाली मुली, तुलाही. पुढच्या वेळी तुझ्या टेबलामागे एक रिकामी गादी आधीच टाकून ठेवू, आणि फॉर्मवर ‘काय खाऊन आलात’ हे मी दोनदा विचारणार.

हे आता ग्रुपवर टाकतेय. काका न वाचता हात जोडलेला इमोजी टाकतील, आणि बाटल्यावाले ‘वेलकम’ म्हणतील.