फ्राऊ फायद्या

आमच्या हानोफरच्या घरी पोस्टमन मजला विचारत नाही, फ्लॅट नंबर विचारत नाही. खाली पत्रपेट्यांची रांग आहे, त्यावर फक्त आडनावं. पाकिटावरचं आडनाव पेटीवर असेल तर पत्र आत, नाहीतर पाठवणाऱ्याकडे परत. मी हे कौतुकाने सगळ्यांना सांगायचे. मग वीज कंपनीचं कराराचं पत्र परत गेलं, त्यामागून पैसे थकल्याची ताकीद गेली, तीही परत आली, आणि एका सोमवारी ऑफिसात मला फोन आला की बाई, तुम्ही राहता तरी कुठे?

त्यांच्या दप्तरी मी "Weidye" होते. माझ्या पेटीवर "Vaidya" आहे.

पहिला राग अर्थातच करार करताना फोनवर माझं नाव लिहून घेणाऱ्या माणसावर निघाला. आपल्या वैद्यांच्या कितीतरी पिढ्या पुण्यात गेल्या, कुणाला आडनाव दोनदा सांगावं लागलं नाही, आणि ह्याला सहा अक्षरं धड लिहिता येऊ नयेत? संध्याकाळी चहा घेताना मात्र मी फोनवर काय बोलले होते ते आठवून कागदावर मांडलं, आणि चूक बरीचशी माझीच निघाली. बरीचशी म्हणतेय, सगळी नाही.

मी सांगितलं होतं: वी, ए, आय, डी, इप्सिलॉन, ए. म्हणजे इंग्रजी अक्षरं, आणि मध्येच मला ठाऊक असलेलं एकमेव जर्मन अक्षर, दिमाखात. आता ऐकणाऱ्याच्या कानाने बघा. जर्मनमध्ये V ला "फाऊ" म्हणतात आणि W ला "वे". माझं "वी" त्याला W वाटलं. जर्मन A म्हणजे "आ" आणि E म्हणजे "ए". माझ्या दोन्ही "ए" चे त्याने इमानदारीत दोन E लिहिले. गंमत म्हणजे "आय" त्याने बरोबर लिहिलं. का? तर जर्मनमध्ये "आय" नावाचं अक्षरच नाही, त्यामुळे हे इंग्रजी आहे हे त्याला कळलं. जे अक्षर परकं वाटतं ते सुखरूप पोचतं. जे ओळखीचं वाटतं तेच दगा देतं. इंग्रजी E सुद्धा तसलंच, "ई" म्हटलं की इथला माणूस I लिहून मोकळा.

मग शहाणं होऊन नुसती जर्मन अक्षरं म्हणावीत, तर तिथेही सगळी भावंडं एका चेहऱ्याची. बे, दे, गे, पे, ते, वे. फोनवर मागे ट्राम जात असेल तर फक्त शेवटचा "ए" ऐकू येतो. आ, हा, का ही दुसरी टोळी. एम आणि एन ही जुळी. म्हणून इथे प्रत्येक अक्षरामागे एक ठरलेला शब्द लावतात. आंटोनचा A, बेर्टाचा B, त्सेझारचा C, डोराचा D, एमिलचा E, फ्रीडरिशचा F. अंकांनाही हाच न्याय. दोनला "त्स्वाय" न म्हणता फोनवर "त्स्वो" म्हणतात, कारण तीन म्हणजे "द्राय".

हे वाचून हसू नका, आपण पहिलीत हेच केलंय. क कमळाचा, ग गवताचा. ण ने सुरू होणारा शब्द सापडेना म्हणून ण बाणाचा. जर्मनांनाही ß ने सुरू होणारा शब्द नाही, आणि Y साठीही त्यांनी हात टेकलेत. त्या दोघांना त्यांच्याच नावाने हाक मारतात, "एसत्सेट" आणि "इप्सिलॉन". बाण शोधायची अक्कल आपल्याकडे होती एवढंच मी म्हणेन. अर्थात श शहामृगाचा की ष पोटफोडा हे आपल्याला अजून विचारावं लागतं, ते इथे कुणाला सांगत नाही.

मी यादी छापून फ्रिजवर लावली. शेजारच्या आजींनी ती पाहिली आणि N वर बोट ठेवलं. तिथे होतं "नोर्डपोल", म्हणजे उत्तर ध्रुव. आंटोन, ओटो, पाउला अशा माणसांच्या गर्दीत ध्रुव कशाला, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. पूर्वी तिथे नाथान होता. 1934 मध्ये नाझींनी यादीतली ज्यू नावं काढली. दाविद गेला, डोरा आली. नाथानच्या जागी ध्रुव आला. सामुएलचा झीगफ्रीड झाला, त्साखारियासचा त्सेपेलिन. याकोबही गेला. युद्धानंतर सामुएल आणि त्साखारियास परत आले, दाविद आणि नाथान नाही. आजी स्वतः S ला झीगफ्रीडच म्हणतात. "शाळेत तसंच शिकवलं," म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

2022 मध्ये कार्यालयांसाठी नवी यादी आली, डिन 5009 या मानकात, आणि तिच्यात माणसं नाहीतच, गावं आहेत. आखेन, बेर्लिन, ड्युसेलडोर्फ. N आता न्युर्नबेर्गचा. भांडणच नको, असा हा तोडगा, मला पटला. पण फोनवर? C ला केमनिट्स दिलंय, ज्याचा उच्चार "क" ने होतो. आणि माझा लाडका V! जुन्या यादीत तो व्हिक्टरचा, उच्चार "व", म्हणजे विल्हेल्मच्या W च्या शेजारी. नव्या यादीत तो फ्योल्कलिंगनचा, उच्चार "फ", म्हणजे फ्रांकफुर्टच्या F च्या शेजारी. बिचाऱ्याने घर बदललं, पण शेजार तापदायकच. हे शब्द आवाजाने अक्षर सांगत नाहीत, ऐकणाऱ्याला त्यांचं स्पेलिंग आधीच पाठ असावं लागतं. जर्मन शाळेत गेलेल्याला असतं. माझ्यासारखीला नाही. मी बरेच महिने आमच्या शहराच्या नावात "फ" ऐकत होते, पण ते लिहितात Hannover हे फलकावर दिसूनही डोक्यात शिरलं नव्हतं.

आणखी एक खड्डा. "व्हिक्टरचा V" हे जर्मनमध्ये "फाऊ वी व्हिक्टर" असं म्हणायचं. "वी" म्हणजे "जसं". आता इंग्रजी माध्यमातून आलेल्या बाईच्या तोंडून हे बाहेर पडतं तेव्हा तिचा स्वतःचाच गोंधळ होतो, कारण प्रत्येक अक्षरानंतर ती "व्ही" म्हणतेय असं तिला वाटतं. मी आरशासमोर सराव केला. खरंच केला.

मंगळवारी मीच फोन लावला. फाऊ वी व्हिक्टर. आ वी आंटोन. ई वी ईडा. दे वी डोरा. इप्सिलॉन. आ वी आंटोन. पलीकडे तरुण मुलगा होता, त्याने नव्या यादीने परत वाचलं: फ्योल्कलिंगन, आखेन, इंगेलहाइम, ड्युसेलडोर्फ, इप्सिलॉन, आखेन. मी फ्रिजसमोर उभी राहून एकेक गाव ताडून पाहिलं. सगळं जुळलं. "धन्यवाद, फ्राऊ फायद्या," तो म्हणाला. V चा "फ" करून वाचलंन, पण लिहिलंन बरोबर, आणि पोस्टमन काही आडनाव मोठ्याने वाचत नाही. शिवाय फायद्या काही वाईट नाव नाही, माहेरी हे ऐकून दादा अजून हसतोय.

मग त्याने विचारलं, "आणि पहिलं नाव?"

मृण्मयी. इथवर येईतो माझा दम संपला होता. मार्था, नोर्डपोल वगैरे कोण म्हणत बसणार? एम, एर, ऊ, एन, एम, आ, इप्सिलॉन, मग दोनदा ए, असं भराभर सांगून टाकलं. दोन आठवड्यांनी पत्र आलं, पेटीत, व्यवस्थित. आडनाव निर्दोष. त्याआधी "Mrunnayee".

तेव्हापासून दर वर्षी विजेचा हिशेब याच बाईंच्या नावाने येतो. दुरुस्त करायचं तर फोन करावा लागेल.