सीआरओवर न दिसलेलं ओव्हरशूट

डिप्लोमा करून मी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलो. वर्गातल्या बाकीच्यांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं होतं, माझं नव्हतं. लाप्लासचं कोष्टक मला पाठ होतं, पण ते कुठे आणि का वापरायचं हे हाताला लागलेलं नव्हतं. ते लागलं एका प्रॅक्टिकलमध्ये. रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर एकापुढे एक जोडायचे, पाच व्होल्टचा स्टेप द्यायचा आणि कपॅसिटरवरचा व्होल्टेज कसा चढतो ते आधी कागदावर काढून मग सीआरओवर पाहायचं, असं ते काम होतं.

कॉइल १० मिलिहेन्रीची, कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आणि रेझिस्टर १२० ओहमचा. मॅडमनी सांगितलं होतं, "वेळ मिलिसेकंदात धर, म्हणजे आकडे आवाक्यात राहतील." तसं केल्यावर LC झाला 0.01 आणि RC झाला 0.12. स्टेपसाठी 1/s ने गुणून, एका व्होल्टमागे हे मिळालं:

Y(s) = 100 / [ s (s² + 12s + 100) ]

कंसातल्या वर्गसमीकरणाची मुळं −6 ± j8. वास्तव मुळं नाहीत, म्हणून तो कंस फोडायचा नाही, अखंड ठेवून त्याच्या अंशात Bs + C घ्यायचं, एवढं मला माहीत होतं:

100 = A(s² + 12s + 100) + (Bs + C)s

s = 0 ठेवलं की A = 1. s² चे सहगुणक जुळवले की B = −1, आणि s चे जुळवले की C = −12. म्हणजे

Y(s) = 1/s − (s + 12)/(s² + 12s + 100)

इथपर्यंत कुणीही पोचतो. चूक होते ती पुढच्या पायरीला. छेदाचा पूर्ण वर्ग केला की (s + 6)² + 64 होतो. मग अंशातही s + 6 हाच गठ्ठा दिसायला हवा, कारण e⁻⁶ᵗ बाहेर निघतो तो s च्या जागी सगळीकडे s + 6 असेल तरच. म्हणून s + 12 चे तुकडे s आणि 12 असे न करता (s + 6) आणि 6 असे करायचे. पहिल्या तुकड्याचा cos 8t होतो. दुसऱ्याचा sin 8t व्हायला अंशात 8 लागतो आणि आपल्याकडे आहे 6, म्हणून तिथे 6/8 येतो. मी पहिल्यांदा थेट 6 sin 8t लिहून मोकळा झालो होतो.

मॅडमनी वही पाहिली आणि चूक न दाखवता विचारलं, "t शून्य असताना याचा चढ किती येतो?" मी डेरिव्हेटिव्ह काढून शून्य ठेवलं. 6 वजा 48, म्हणजे −42 आलं. कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचा चढ म्हणजे त्यातून वाहणारा करंट भागिले कपॅसिटन्स. तोच करंट कॉइलमधूनही जातो, आणि कॉइल करंटला एका क्षणात उडी मारू देत नाही. सुरुवातीला करंट शून्य होता, तेव्हा चढही शून्यच हवा. इथे तर तो उलट्या दिशेला निघाला होता. 6 च्या जागी 0.75 घातलं आणि 6 वजा 6 झालं:

y(t) = 1 − e⁻⁶ᵗ (cos 8t + 0.75 sin 8t)

तेव्हापासून उत्तर आलं की मी आधी y(0) आणि मग त्याचा चढ, दोन्ही शून्य येतात का ते पाहतो. नुसतं y(0) पाहून भागत नाही. माझ्या चुकीच्या उत्तरातही ते शून्यच येत होतं.

या उत्तरात शिखर येतं ते 8t = π झाल्यावर, म्हणजे ०.३९ मिलिसेकंदाला, आणि ते अंतिम किमतीच्या वर e^(−0.75π), साधारण साडेनऊ टक्के. पाच व्होल्टच्या स्टेपला ५.४७ व्होल्ट. मी जर्नलमध्ये आकृतीही काढून ठेवली.

प्रत्यक्षात ब्रेडबोर्डवर जोडणी केली, जनरेटरवर २०० हर्ट्झचा चौकोनी वेव्ह लावला आणि सीआरओवर पाहिलं, तर शिखरच नाही. रेघ सावकाश चढून पाच व्होल्टवर जाऊन टेकत होती. ०.३९ मिलिसेकंदाच्या जागी ती जेमतेम साडेचारवर होती. वायरी बदलल्या, कपॅसिटर बदलला, तरी तेच. अडचण अशी की शेवटची किंमत बरोबर पाच येत होती, त्यामुळे जोडणीवर शंका घ्यायला जागाच दिसत नव्हती.

लॅबमधल्या काकांनी कॉइल काढून माझ्या हातात मल्टिमीटर दिला. "हिचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजलास का?" तो ३० ओहम निघाला. मग त्यांनी जनरेटरच्या सॉकेटवर बोट ठेवलं. तिथे 50 Ω असं छापलेलंच होतं. म्हणजे करंटच्या वाटेत १२० नव्हे, १२० + ३० + ५० = २०० ओहम होते. शेवटची किंमत का बिघडली नाही तेही उलगडलं. कपॅसिटर पूर्ण भरला की करंट थांबतो, आणि करंटच नसेल तर कुठल्याही रेझिस्टन्सवर व्होल्टेज पडत नाही. तो रेझिस्टन्स दिसतो फक्त चढण्याच्या काळात.

मी तिथेच उभ्यानं गणित पुन्हा मांडलं. RC आता 0.2, म्हणून मधलं पद 20s:

Y(s) = 100 / [ s (s + 10)² ]

मुळं एकावर एक आली. क्रिटिकल डँपिंग. पुनरावृत्त मुळाला दोन पदं लागतात, एक (s + 10) चं आणि एक (s + 10)² चं. नुसतं वर्गाचं पद घेतलं तर डाव्या बाजूला नसलेला s² उजवीकडे उरतो आणि तो खोडायला काहीच नसतं. s = 0 ला A = 1, s = −10 ला वर्गाच्या पदाचा सहगुणक −10, आणि s² जुळवून मधला −1:

y(t) = 1 − e⁻¹⁰ᵗ − 10t e⁻¹⁰ᵗ

चढ तपासला: 10 वजा 10, शून्य. मग t = 0.393 घातलं. 0.903 आलं, म्हणजे पाच व्होल्टला ४.५२. समोर पडद्यावर तेच साडेचार होतं. कागदावरचा e⁻¹⁰ᵗ आणि पडद्यावरची हिरवी रेघ एकच आहेत हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं, आणि मी काकांना तो आकडा दोनदा वाचून दाखवला.

एकूण १२० हवे असतील तर बाहेरून ४० लावायचे. ४० चा मिळत नाही, ३९ चा मिळतो. तो लावला आणि ०.४ मिलिसेकंदाच्या जरा आधी साडेपाच व्होल्टचं शिखर उभं राहिलं.

मॅडम येऊन म्हणाल्या, "आता तोही काढ, सरळ वायर लाव. काय होईल ते आधी सांग." उरलेले ८० ओहम, म्हणजे s² + 8s + 100, पूर्ण वर्ग (s + 4)² + 84, अंशात (s + 4) आणि 4. मुळांचा काल्पनिक भाग √84, सुमारे 9.17. ओव्हरशूट पंचवीस टक्क्यांच्या आसपास, शिखर सव्वासहा व्होल्टला, ०.३४ मिलिसेकंदाला. "आणि मग रेघ हेलकावे घेतच राहील का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही मॅडम, e⁻⁴ᵗ आहे, दीड मिलिसेकंदात सव्वासहापर्यंत गेलेला हेलकावा पाचवर येऊन जवळपास निवून जाईल." वायर लावली, सीआरओचा टाइम बेस एक घर पुढे सरकवला आणि आम्ही तिघं पडद्याकडे पाहत राहिलो.