आमची वाटचाल: सौद्यांच्या वेळी तग धरणारा छोटा सर्व्हर

सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांतून आम्ही हळद आणि बेदाण्याच्या सौद्यांचे भाव एपीआयवरून पुरवतो. अडत दुकानं, मसाला कारखाने आणि त्यांची अ‍ॅप बनवणारी पोरं हे आमचे ग्राहक. सर्व्हर पहिल्यापासून एकच, तोही छोटा.

त्यावर 4 वर्कर चालतात आणि एका विनंतीला साधारण 50 मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला 80 विनंत्या ही त्याची कमाल. एका सौद्याच्या दिवशी एका ग्राहकाचं अ‍ॅप ‘भाव बदलला का’ असं सारखं विचारू लागलं आणि एकूण विनंत्या 120 वर गेल्या. मग रांग सेकंदाला 40 नं वाढते. 10 सेकंदांत 400 विनंत्या खोळंबतात आणि शेवटचीला 5 सेकंद थांबावं लागतं. अ‍ॅप एवढं कुठलं थांबतंय! ते कंटाळून तीच विनंती पुन्हा पाठवतं, आणि सर्व्हर मात्र आता कुणालाच नको असलेली उत्तरं काढत बसतो. त्रास एकाचा, भोगतात सगळे.

तेव्हा प्रत्येक ग्राहकाच्या कीला आम्ही एक टोकन बकेट दिली. तीत जास्तीत जास्त 20 टोकन मावतात, सेकंदाला 2 नवी पडतात आणि प्रत्येक विनंती एक टोकन खाते. टोकन भरायला वेगळा टायमर लागत नाही. विनंती आली की मधल्या वेळाचा हिशेब करायचा:

```
tokens = min(20, tokens + (now - last) * 2)
last = now
if tokens >= 1:
    tokens -= 1
    allow()
else:
    reject(429)
```

अ‍ॅप उघडताना एकदम 12 विनंत्या येतात, त्या बिनबोभाट जातात. तेच कुणी सेकंदाला 50 चा मारा केला, तर पहिल्या 20 चटकन संपतात आणि पुढं सेकंदाला दोनच आत येतात. मिनिटभरात फार तर 20 + 120, म्हणजे 140. बाकीच्यांना डेटाबेसला हात न लावता 429 आणि `Retry-After: 1` मिळतं. नकार स्वस्त पडतो, आणि आमचा सगळा बचाव त्यावरच उभा आहे.

हे आकडे वर्करच्या मेमरीत ठेवून चालत नाही. चार वर्करच्या चार बकेट झाल्या की मर्यादा चौपट होते. म्हणून ते रेडिसमध्ये ठेवून वाचणं, वजा करणं आणि लिहिणं एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये उरकतो. मर्यादा आयपीवरही लावली नाही, कारण मोबाइल नेटवर्कवर कितीतरी लोक एकाच आयपीमागं असतात.

पण 60 ग्राहक प्रत्येकी 2 नं आले तरी 120 होतातच. त्यासाठी सगळ्यांच्या वर सेकंदाला 60 ची आणखी एक सामाईक बकेट आहे. तीही रिकामी होऊ लागली की समजायचं, आता दोष कुणा एका अ‍ॅपचा नाही, सर्व्हरच कमी पडतोय.