सावली नव्हे, उजेड उलटा होता

ग्राहकाच्या खुर्चीचा फोटो मी एका अंगणाच्या फोटोत बसवून दिला होता. त्यावर आलेलं त्याचं पत्र चारच ओळींचं होतं: "अंगणातल्या खांबाची सावली डावीकडे पडते, आमच्या खुर्चीची उजवीकडे. खुर्ची जमिनीवर टेकलेलीही वाटत नाही. कृपया सावली फिरवून चित्र पुन्हा द्यावे." इतकी नेमकी तक्रार क्वचित येते. बहुतेक जण 'काहीतरी खटकतंय' म्हणून सोडून देतात.

तक्रार खरी होती, उपाय मात्र चुकीचा. खुर्चीचा फोटो स्टुडिओतला, दिवा डावीकडे. त्यामुळे तिची डावी बाजू उजळ, उजवी काळवंडलेली. अंगणात ऊन उजवीकडून. नुसती सावली फिरवली असती, तर उजळ बाजू आणि सावली दोन्ही डावीकडे आल्या असत्या, आणि एका सूर्यात हे होत नाही. खुर्चीच आरशातल्यासारखी उलटवावी, तर लिहिण्याची फळी उजव्या हातावरून डाव्या हातावर गेली असती, म्हणजे माल वेगळाच दिसला असता. म्हणून ग्राहकाला विचारून मी अंगण उलटवलं. त्यात पाटी किंवा अक्षरं नव्हती, म्हणूनच ते जमलं.

मग सावली मुळापासून केली. आधी मी तयार Drop Shadow लावून वर थोडी ताणली होती, आणि ती चूक माझीच. तो इफेक्ट आकृतीची सपाट नक्कल सरकवतो. जमीन त्याला कळत नाही. खांबाची सावली जवळजवळ सरळ आडवी पडली होती, म्हणून पडद्यावरच मोजता आली: उंचीच्या दीडपट. म्हणजे सूर्य साधारण ३४ अंशांवर. खुर्ची ९० सेंटीमीटर, तर पाठीच्या टोकाची सावली १३५ सेंटीमीटर दूर. चारही पायांची सावली आपापल्या बुडापासून निघायला हवी. पूर्ण आकृती पुढच्या पायांपासून तिरकी केली की मागचे पाय अधांतरी राहतात, आणि 'टेकलेली वाटत नाही' ते त्यामुळेच.

कडाही सगळीकडे सारखी नसते. सूर्याचं बिंब सुमारे अर्ध्या अंशाचं, म्हणून वस्तू सावलीपासून जितकी दूर, त्याच्या साधारण शंभराव्या भागाइतकी कडा विरते. बुडाशी ती धारदार हवी, पाठीच्या टोकाशी दीडेक सेंटीमीटर मऊ. चित्रात खुर्ची ९०० पिक्सेल उंच, म्हणजे तिथे सुमारे १५ पिक्सेल. रंग खांबाच्या सावलीतून उचलला. ती निळसर करडी होती, कारण सावलीतही आकाशाचा उजेड पोचतो. शुद्ध काळा रंग Multiply ने, म्हणजे खालचा रंग गडद करत, मिसळला की जमिनीत भोक पडल्यासारखं दिसतं. पायांखाली बोटभर गडद रेघ वेगळ्या लेयरवर दिली.

ग्राहकाने दुरुस्ती मंजूर केली. पण फळीची बैठकीवर पडलेली सावली अजून स्टुडिओतल्या मोठ्या मऊ दिव्याचीच आहे, विरघळलेली. उन्हात ती कडक हवी. ती हाताने रंगवून पाहिली, पण वेताच्या विणीवर कडा खोटी दिसते. पुढच्या मालाचे फोटो उघड्या छोट्या दिव्याने, डावीकडून, ३४ अंशांवर काढून द्या, असं उत्तरात लिहिलं आहे.